बाजारभावापेक्षा जास्त पगार: खर्च कुठे भरून निघतो?

प्रश्न: अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सीएनसी टर्निंगचा छोटा कारखाना आहे. सहा मशीन, दोन शिफ्ट, बारा ऑपरेटर. पगार इथल्या रेटप्रमाणे दरमहा १८,००० रुपये. गेल्या वर्षभरात पंधरा ऑपरेटर सोडून गेले. कोणी समोरच्याच गाळ्यात, कोणी सिन्नरला, कोणी गोंद्याला. मला वाटते, पगार २१,००० करावा. माझे दीर भागीदार आहेत. त्यांचे म्हणणे, 'अठरा हजारांत माणूस दारात उभा असताना एकवीस द्यायचे म्हणजे पैसे उधळणे.' अर्थशास्त्रात जास्त पगार देऊन फायदा होतो असा काही सिद्धान्त आहे असे ऐकले. तो आमच्यासारख्या छोट्या कारखान्याला लागू पडतो का?
– एक उद्योजिका, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण ज्याबद्दल ऐकले त्याला कार्यक्षमता वेतनाचा सिद्धान्त म्हणतात. मजुरीचा दर बदलला की कामगाराचे वागणेही बदलते, म्हणून सर्वांत कमी पगार हा मालकाला सर्वांत स्वस्त पडेलच असे नाही, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे. वागणे नेमके कसे बदलते याची अनेक स्पष्टीकरणे आहेत. आपल्या कामाची त्यांपैकी दोन: माणसे सोडून जाण्याचे प्रमाण घटते, आणि ज्या कामावर मालकाची नजर पोहोचत नाही ते काम नीट होऊ लागते. पहिल्याचा हिशेब कागदावर मांडता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एक ऑपरेटर गेला की आपले किती जाते? मशीनच्या एका तासाच्या कमाईतून वीज, धातू कापणारे इन्सर्ट, कूलंट हे सगळे वजा जाता आपल्या हाती २५० रुपये उरतात असे मी धरतो. आपल्या वहीतला आकडा वेगळा असेल तर तो घालावा. नवा माणूस मिळेपर्यंत मशीन एका शिफ्टला आठवडाभर बंद राहिले तर ४८ तास, म्हणजे १२,००० रुपये बुडतात. त्यातून त्या आठवड्याचा न दिलेला पगार, साधारण ४,०००, वजा केला की ८,००० उरतात. नवा माणूस पहिल्या महिन्यात एक तृतीयांश आणि दुसऱ्या महिन्यात एक षष्ठांश उत्पादन कमी काढतो असे समजले, तर दोन महिन्यांत मिळून अर्ध्या महिन्याचे, म्हणजे सुमारे १०० तासांचे काम जाते. त्याचे २५,००० रुपये. रिजेक्शन आणि तुटलेले इन्सर्ट यांचे ६,००० आणि सेटरने त्याच्या मागे उभे राहून घालवलेल्या वेळेचे ६,००० धरले, तर एकूण ४५,००० रुपये होतात. पंधरा माणसांचे पावणेसात लाख. ही रक्कम कोणत्याही एका खात्यावर दिसत नाही, म्हणून ती खर्च वाटत नाही. आपल्या दिरांना ती दिसत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

आता दुसरी बाजू. बारा जणांना दरमहा ३,००० म्हणजे वर्षाला ४,३२,०००; त्यावर ईएसआय, बोनस वगैरेंचे अंदाजे पंधरा टक्के चढवले की पाच लाख होतात. पाच लाखांना ४५,००० ने भागले तर उत्तर अकरा येते. म्हणजे केवळ गळती थांबवून ही वाढ भरून काढायची असेल, तर पंधराऐवजी चारच माणसे गेली पाहिजेत. ते कठीण आहे. गळती निम्म्यावर आली तरी मी समाधान मानेन; आणि पंधरावरून आठवर आली, तर वाचतात ३ लाख १५ हजार. उरलेल्या १ लाख ८५ हजारांचे काय? इथपर्यंतच हिशेब केला, तर आपल्या दिरांचेच बरोबर ठरते.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरणही इथपर्यंत असेच आहे. हेन्री फोर्डच्या डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली साधारण १४ हजार कामगारांची फौज टिकवण्यासाठी वर्षभरात ५० हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. गळतीचे प्रमाण ३७० टक्के होते. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाची मजुरी सुमारे २.३४ डॉलरवरून ५ डॉलर केली आणि कामाचे तास नवावरून आठवर आणले. त्या वर्षी गळती ५४ टक्क्यांवर आली आणि १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर. कामगारांनी आपल्याच गाड्या विकत घ्याव्यात म्हणून त्याने पगार वाढवला, ही गोष्ट फार सांगितली जाते. पण वर्षाला दोन लाखांहून अधिक गाड्या काढणाऱ्या कारखान्याला १४ हजार कामगारांच्या खरेदीने किती फरक पडणार? पुढे १९८७ मध्ये डॅनियल रॅफ आणि लॉरेन्स समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी ते प्रकरण तपासले, तेव्हा केवळ भरतीचा आणि शिकवण्याचा वाचलेला खर्च एवढ्या मोठ्या वाढीचे समर्थन करू शकत नाही, असेच त्यांना आढळले. फोर्डकडची कामे इतकी लहान तुकड्यांत वाटलेली होती की नवा माणूस थोड्याच वेळात तयार होत असे. फायदा आला तो दुसरीकडून: गैरहजेरी घटली, आणि १९१३ मध्येच सुरू झालेल्या सरकत्या जुळणी-साखळीवर माणसे जागेवर राहून सांगितल्या वेगाने काम करू लागली.

आपल्यालाही उरलेले १ लाख ८५ हजार तिथूनच मिळवायचे आहेत. बारा ऑपरेटर वर्षाला मिळून सुमारे ३० हजार मशीन-तास काम करतात. त्यांची किंमत ७५ लाख रुपये. त्याच्या अडीच टक्के म्हणजे ही तूट. आठ तासांच्या शिफ्टमध्ये अडीच टक्के म्हणजे बारा मिनिटे. चहाची सुट्टी लांबणे, जॉब संपल्यावर मशीन लाल दिवा लावून उभे राहणे, इन्सर्ट बदलायला लागणारा जादा वेळ यांतून प्रत्येक शिफ्टला बारा मिनिटे परत आली, किंवा तेवढ्या किमतीचे रिजेक्शन कमी झाले, तर वाढलेला पगार फुकटात पडतो. प्रश्न असा आहे की, ३,००० रुपये जास्त मिळाल्याने ऑपरेटर ही बारा मिनिटे का देईल?

याचे सर्वांत नेटके उत्तर कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दिले. कामचुकारपणा करावा की नाही हे ठरवताना माणूस, कळत किंवा नकळत, दोन गोष्टींचा गुणाकार करतो: पकडले जाण्याची शक्यता, आणि पकडले गेल्यावर होणारे नुकसान. आज आपला ऑपरेटर पकडला गेला आणि आपण त्याला काढले, तर त्याचे काय नुकसान होते? तो दुसऱ्या दिवशी समोरच्या गाळ्यात त्याच १८,००० वर उभा राहतो. नुकसान शून्य; आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. म्हणून आज आपण कितीही कॅमेरे लावले आणि कितीही ओरडलो, तरी ती धमकी पोकळ आहे, आणि हे ऑपरेटरला आपल्या आधी कळलेले असते. पगार २१,००० झाला आणि आजूबाजूला कोणी तेवढा देत नसेल, तर हेच चित्र बदलते. जो माणूस आपल्याकडे आणखी तीन वर्षे राहायचा विचार करतो, त्याच्या दृष्टीने या नोकरीची किंमत बाजारातल्या नोकरीपेक्षा १,०८,००० रुपयांनी अधिक आहे. पकडले जाण्याची शक्यता दहात एक असेल, तर चुकारपणाची अपेक्षित किंमत १०,८०० रुपये होते. शंभरात एक असेल तर अवघी १,०८०.

या हिशेबात दोन अटी दडलेल्या आहेत, आणि पगार वाढवून पस्तावलेले मालक यांपैकी एखादी विसरलेले असतात असा माझा अनुभव आहे.

पहिली अट तपासणीची. जास्त पगार तपासणीची जागा घेत नाही. तपासणीला वजन देतो. आपल्याकडे २५ मिलिमीटरचे एच७ बोअर, म्हणजे नेमक्या मापाचे आतले भोक, असलेला जॉब असेल तर त्याची मर्यादा २५.००० ते २५.०२१ असते, आणि ऑपरेटरने ठरावीक जॉबनंतर माप घेऊन तपासणी-पत्रकात लिहायचे असते. एखाद्या रात्रपाळीचे पत्रक हातात घेऊन पाहावे. इन्सर्ट झिजत जातो तसे बोअर हळूहळू लहान होत जाते. म्हणून खरोखर मोजलेली मापे २५.०१७, २५.०१४, २५.०१० अशी उतरत गेली पाहिजेत आणि ती झीज भरून काढणारा ऑफसेट मशीनला दिला की पुन्हा वर उडी मारली पाहिजे. पत्रकात वरपासून खालपर्यंत २५.०१० हाच आकडा एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेला दिसला, तर माप घेतलेले नाही हे उघड आहे. हे काम सुपरवायझरला पाच मिनिटांचे आहे, पण ते तो करतो का? करत नसेल, तर पकडले जाण्याची शक्यता शून्याजवळ राहते, आणि मग गुणाकाराची दुसरी बाजू कितीही वाढवली तरी उपयोग नाही. पगार वाढवण्याच्या महिन्याभर आधी ही शिस्त सुरू करावी. पत्रकांवर सुपरवायझरची सही आणि वेळ, आणि प्रत्येक शिफ्टला दोन जॉब त्याने स्वतः पुन्हा मोजणे, एवढे पुरे आहे.

दुसरी अट मुदतीची. १,०८,००० ही रक्कम तीन वर्षांच्या मुक्कामाची होती. लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून आलेला, चार महिन्यांनी आपल्याला काढणार हे ठाऊक असलेला माणूस त्याच ३,००० रुपयांकडे १२,००० म्हणूनच पाहील. कंत्राटी माणसांना बाजारापेक्षा जास्त देऊन फारसे काही साधत नाही, ते यामुळे. आपले बारा जण कंत्राटी असतील, तर आधी त्यांना कारखान्याच्या पटावर घ्यावे लागेल. ते जमत नसेल तर ही वाढ करू नये असे मी स्पष्टच सांगेन.

आता आपल्या दिरांचा मुद्दा: अठरा हजारांत माणूस दारात उभा आहे, मग एकवीस का? शापिरो आणि स्टिग्लिट्झ यांच्या मांडणीत याचे उत्तर आहे. दारातला माणूस 'मी अठरात करतो' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो; पण अठरावर घेतले की त्यालाही नोकरी गमावण्याची भीती उरत नाही आणि महिन्याभरात तोही जुन्यांसारखाच वागू लागतो. शिवाय तो दारात उभा आहे म्हणूनच आतल्या माणसाला आपली जागा मोलाची वाटते. यातून एक कठोर निष्कर्षही निघतो. सगळ्याच मालकांनी पगार वाढवला तर कोणाचाच पगार जास्त राहत नाही, फक्त एकूण मजुरी चढते, काही माणसे कामाविना राहतात, आणि मग बेकारीच शिस्त लावण्याचे काम करते. आपल्यापुरता याचा अर्थ असा की, आपला फायदा शेजाऱ्यांच्या रेटपेक्षा आपण किती वर आहोत यावर ठरतो, २१,००० या आकड्यावर नाही. अंबडचा रेट दोन वर्षांनी २०,५०० झाला आणि आपण २१,००० वरच बसलो, तर आपण पुन्हा आजच्याच जागी आलेलो असू.

वाढ कशी द्यावी यालाही महत्त्व आहे. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना बोलावून 'आजपासून तीन हजार जास्त' असे जाहीर करण्याचा मोह होतो. अशा अचानक भेटीने माणसे उपकृत होऊन जास्त काम करतात, असा एक विचार अर्थशास्त्रात आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण उरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ग्रंथालयात नोंदी टंकण्यासाठी तासाला १२ डॉलर ठरवून बोलावलेल्यांपैकी काहींना आल्यावर २० डॉलर देऊ केले. त्यांनी पहिल्या दीड तासात इतरांपेक्षा जास्त काम केले, आणि नंतर तो फरक विरून गेला. आनंदावर बारा मिनिटे विसंबून ठेवता येत नाहीत.

म्हणून मी वेगळी रचना सुचवतो. सुरुवात १८,००० वरच ठेवावी आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर २१,००० करावेत. हे तोंडी न ठेवता नियुक्तीपत्रात लिहून द्यावे. फोर्डनेही जुन्या मजुरीवरची वाढीव रक्कम नफ्यातील वाटा म्हणून दिली होती आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या नोकरीची अट घातली होती. (त्यासोबत कामगारांच्या घरी जाऊन त्यांची राहणी तपासणारे एक खातेही त्याने काढले होते. ते अनुकरणीय नाही.) या रचनेने तिसऱ्या महिन्यात सोडून जाऊ पाहणाऱ्यासमोर थांबण्याचे कारण उभे राहते, आणि खर्चही घटतो. बारांपैकी आठ जण पात्र असतील तर वर्षाला ३ लाख ३१ हजार लागतात. गळती पंधरावरून आठवर आली तर त्यातले ३ लाख १५ हजार तिथेच निघतात. अर्थात माणसे टिकू लागली की पात्र होणारे वाढतील. दहा जण पात्र झाले तर खर्च ४ लाख १४ हजार होईल आणि एक लाखाची तूट राहील. ती भरायला शिफ्टमागे सहा-सात मिनिटे पुरतात. हा हिशेब मला झेपणारा वाटतो. एक धोका मात्र आहे: पाचव्या महिन्यात माणसे काढून तीन हजार वाचवायचे, असे एकदा जरी घडले, तरी बातमी अंबडभर जाते आणि ते पत्र कागदापुरते उरते.

पण त्याआधी गेल्या वर्षीच्या पंधरा जणांची यादी काढून प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहाव्यात: किती महिने राहिला, आणि कुठे गेला. दिंडोरी-निफाडकडची पोरे द्राक्षाच्या छाटणीला किंवा काढणीला घरी जातात आणि रजा मिळत नाही म्हणून नोकरी सोडतात; त्यांना तीन हजारांनी थांबवता येणार नाही, पंधरा दिवसांच्या बिनपगारी रजेने थांबवता येईल. रात्री अकराला दुसरी शिफ्ट सुटल्यावर परतायला गाडी नाही म्हणून जाणाऱ्यांचेही तसेच आहे. जे समोरच्या गाळ्यात पाचशे-हजारासाठी गेले, तेच वाढीला दाद देणारे. पंधरांत असे पाचच निघाले, तर गळती आठवर आणण्याचे माझे गृहीतक कोसळते आणि रजेचा व गाडीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो स्वस्तही पडेल.

ही वाढ पॅकिंग करणाऱ्यांना आणि हेल्परना देण्याची गरज मला दिसत नाही. त्यांचे काम शिफ्टअखेर मोजता येते आणि नवा माणूस दोन दिवसांत तयार होतो, त्यामुळे गळतीचा खर्चही नाही आणि नजरेआडचे कामही नाही. सेटर आणि सुपरवायझर यांचे मात्र तसे नाही. ऑपरेटर २१,००० वर गेला आणि सुपरवायझर २४,००० वरच राहिला, तर ज्याच्या तपासणीवर हा सगळा डोलारा उभा आहे तोच नाराज होईल. त्याच्यासाठी दीड-दोन हजार हिशेबात आधीच धरावेत.

मशीन भरलेली राहतील एवढे काम पुढच्या वर्षाचे हातात आहे का, हेही पाहावे. तासाला २५० रुपये हा आकडा मशीन चालले तरच खरा. ऑर्डर नसल्याने मशीन तसेही बंद राहणार असेल, तर माणूस गेल्याने काही बुडत नाही आणि वाचलेल्या बारा मिनिटांनाही किंमत नाही. दिलेला पगार मंदीत परत खाली आणणे हे तर मुळात न वाढवण्यापेक्षा महाग पडते, कारण त्यानंतर सर्वांत आधी चांगले ऑपरेटर जातात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. ओव्हरटाइम या मर्यादेत मोजला जात नाही, पण नियमित भत्ते मोजले जातात. उपस्थिती भत्ता वगैरे मिळून आकडा २१,२०० झाला, तर चालू अंशदान कालावधी संपल्यावर ऑपरेटर ईएसआयबाहेर जाईल आणि घरातल्या आजारपणाचा खर्च त्याच्या अंगावर येईल. मग तीन हजारांची वाढ त्याला वाढ वाटणार नाही. पत्र टाइप करण्याआधी आपल्या पीएफ-ईएसआय सल्लागाराला एकूण आकडा आणि सध्याची मर्यादा दोन्ही दाखवून घ्यावीत, आणि शक्यतो भत्ते धरून २१,००० च्या आतच थांबावे.